ठराविक वेळी कॉलवर आवाज यंत्रासारखा होतो, तुटतो, घुमतो: दोष कुठे शोधायचा

आवाजाची तक्रार आली की मी सर्वात आधी दोनच प्रश्न विचारतो. खराब आवाज नेमका कोणाला ऐकू येतो, तुम्हाला की समोरच्याला? आणि तो दिवसभर खराब असतो की ठराविक वेळी? या दोन उत्तरांवर निम्मं निदान होतं. तरीही बहुतेक जण हे न विचारताच फोन बदलतात, हेडसेट बदलतात, नाहीतर सेटिंगमध्ये जाऊन कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवायची पद्धत, बदलतात. पैसे जातात, आवाज तसाच राहतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण असाच प्रकार मला दवाखान्यांत, सीएंच्या ऑफिसात आणि घरून काम करणाऱ्यांकडे पुन्हा पुन्हा दिसतो. तालुक्याच्या गावातलं एक डायग्नोस्टिक सेंटर. रिसेप्शनवर आणि आत मिळून चार आयपी फोन, सगळे एकाच ब्रॉडबँडवर. डाउनलोड ४० एमबीपीएस, अपलोड ४ एमबीपीएस. तक्रार अशी, की सकाळी फोन ठीक चालतात, पण अकरानंतर पेशंट म्हणतात, "ताई, तुमचा आवाज फाटतोय, काही कळत नाही." रिसेप्शनिस्टला मात्र पेशंटचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. त्यामुळे तिला वाटायचं, दोष पेशंटच्या मोबाइलचाच आहे.

खराबी एकाच दिशेला आहे, ही यातली सर्वात मोलाची माहिती. पेशंटचा आवाज सेंटरमध्ये येतो तो डाउनलोडच्या वाटेने, आणि सेंटरचा आवाज बाहेर जातो तो अपलोडच्या वाटेने. जाणाराच आवाज बिघडतोय म्हणजे अडचण अपलोडमध्ये. आणि ती अकरानंतरच येते म्हणजे अकरानंतर कोणीतरी अपलोड वापरतंय. चौकशी केल्यावर कळलं, की अकराच्या सुमाराला सीटी स्कॅन सुरू होतात आणि त्यांच्या इमेज रिपोर्टिंगसाठी पुण्याच्या रेडिओलॉजिस्टकडे क्लाउडवरून पाठवल्या जातात. एकेक सीटी सुमारे ३०० एमबीचा.

इथे कोणीही म्हणेल, की अपलोड कमी पडतंय, मोठा प्लॅन घ्या. म्हणून आवाजाला मुळात किती जागा लागते ते पाहू. आयपी फोनवर सर्वात जास्त चालणारा कोडेक G.711. तो आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतो, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे ६४ केबीपीएस. हा आवाज सहसा २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवला जातो, सेकंदाला ५० पॅकेट. प्रत्येक पॅकेटवर पत्त्याचं वेष्टण चढतं आणि एका कॉलला एका दिशेने साधारण ८७ केबीपीएस लागतात. चारही फोन एकदम चालू असले तरी ३५० केबीपीएस. चार एमबीपीएसच्या लाइनमध्ये ते दहावा हिस्सासुद्धा नाहीत. जागा आहे, वेळेवर निघायला मिळत नाही.

ते कसं, हे डोळ्यांनी पाहता येतं. सेंटरच्या एका कॉम्प्युटरवर, शक्यतो केबलने जोडलेल्या, दोन खिडक्या उघडल्या. एकीत राउटरला पिंग, दुसरीत बाहेरच्या सर्व्हरला. पिंग म्हणजे छोटा निरोप पाठवून त्याचं उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं.

```
ping -t 192.168.1.1
ping -t 1.1.1.1
```

राउटरचा पत्ता तुमच्याकडे वेगळा असू शकतो. `ipconfig` दिल्यावर Default Gateway समोर दिसतो तो घ्यायचा. दोन्ही खिडक्या चालू ठेवल्या आणि सीटी पाठवायला सांगितला. राउटरचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत येत राहिलं, जराही हललं नाही. बाहेरच्याचं असं झालं:

```
Reply from 1.1.1.1: bytes=32 time=9ms TTL=57
Reply from 1.1.1.1: bytes=32 time=11ms TTL=57
Reply from 1.1.1.1: bytes=32 time=486ms TTL=57
Reply from 1.1.1.1: bytes=32 time=731ms TTL=57
Request timed out.
Reply from 1.1.1.1: bytes=32 time=702ms TTL=57
```

नऊवरून सातशेवर. अपलोड थांबवलं की पुन्हा नऊ. ही ७०० मिलिसेकंदं कुठे गेली? क्लाउडचा प्रोग्रॅम जमेल तेवढा डेटा राउटरकडे ढकलतो. लाइन ४ एमबीपीएसची, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ती सेकंदाला ५०० केबी बाहेर काढू शकते. त्याहून जास्त आलेलं राउटर फेकून देत नाही, मेमरीत रांगेला लावतो. रांगेत ३५० केबी साचले, की शेवटी आलेल्या पॅकेटला ०.७ सेकंद थांबावं लागतं. आवाजाचं पॅकेट जेमतेम २०० बाइटचं, पण साध्या राउटरला लहान-मोठं, तातडीचं-बिनतातडीचं कळत नाही. टोलनाक्यावर वीस कंटेनरच्या मागे दुचाकी अडकावी तसं ते मागे उभं राहतं. रांग पूर्ण भरली, की मग नवीन येणारं पॅकेट टाकून दिलं जातं. तीच ती Request timed out ची ओळ.

आता पेशंटच्या बाजूला काय होतं ते बघा, कारण रोबोटसारखा आवाज तिथे तयार होतो. पॅकेट मागेपुढे पोहोचतात हे गृहीत धरून आवाज स्वीकारणारी यंत्रणा, मग तो आयपी फोन असो की वाटेतला गेटवे, थोडा साठा करूनच आवाज वाजवते. या साठ्याला जिटर बफर म्हणतात. तो सेकंदाच्या अगदी छोट्या भागाचा असतो, कारण याहून मोठा केला तर बोलण्यात उशीर जाणवायला लागतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या G.114 या शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं म्हटलंय, आणि ४०० च्या वर तर जाऊच नये. सीटी जात असताना रांग सारखी कमी-जास्त होते. एक पॅकेट २०० मिलिसेकंद उशिरा येतं, पुढचं ६००. बफरची वेळ उलटून गेल्यावर आलेलं पॅकेट पोहोचलं तरी निरुपयोगी. वाजवायची वेळ गेलेली असते, ते फेकलं जातं.

रिकाम्या जागी शांतता ठेवली तर कानाला टकटक बसते. म्हणून यंत्रणा शेवटचा मिळालेला आवाजाचा छोटा भाग पुन्हा वाजवते. G.711 च्या परिशिष्टात ही पद्धत लिहिलेलीच आहे: आवाजाच्या शेवटच्या कंपनाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा, हळूहळू बारीक करायचा, आणि सलग ६० मिलिसेकंद काहीच आलं नाही तर गप्प बसायचं. माणसाच्या आवाजात चढउतार सतत चालू असतो. तोच तुकडा जसाच्या तसा चार वेळा वाजला की चढउतार संपतो आणि उरतो तो सपाट, गुणगुणणारा सूर. "हॅलो" मधला "ओ" लांबत जातो तो हाच. म्हणजे रोबोटी आवाज हा हरवलेल्या किंवा उशिरा आलेल्या पॅकेटवर घातलेलं ठिगळ आहे. ६० मिलिसेकंदांहून मोठं भगदाड पडलं की ठिगळही पुरत नाही आणि शब्दच तुटतो. "रोबोटी" आणि "तुटक" या तक्रारी म्हणून बहुतेक वेळा एकाच रोगाच्या दोन पायऱ्या असतात.

सेंटरवाल्यांनी माझ्याआधी एकाच्या सल्ल्याने कोडेक G.729 करून पाहिला होता. कारण ऐकायला पटणारं आहे: G.729 आठच केबीपीएसचा, नेटवर्कवरचा भार कमी होईल. वेष्टणासकट एक कॉल ८७ वरून सुमारे ३१ केबीपीएसवर येतो हे खरं. पण पॅकेट सेकंदाला ५० ची ५०च राहतात, आणि ती त्याच रांगेत त्याच सीटीच्या मागे उभी राहतात. ७०० मिलिसेकंदांतलं एकही मिलिसेकंद कमी होत नाही. उलट नुकसान वाढतं. G.711 मध्ये प्रत्येक तुकडा स्वतंत्र असतो, हरवला तर तेवढाच गेला. G.729 आवाज न पाठवता आवाज कसा तयार करायचा याची मापं पाठवतो आणि आधीच्या तुकड्यांच्या आठवणीवर पुढचा तुकडा उभारतो. त्यामुळे एक तुकडा गेला की पुढचे काही तुकडेही बिघडतात. सेंटरमध्ये G.729 वर आवाज आणखी बिघडला, तो याचमुळे.

मग कोडेकचा दोष कधी धरायचा? जेव्हा आवाज दिवसभर, रिकाम्या नेटवर्कवरसुद्धा, एकसारखा पिचका आणि कोरडा येतो तेव्हा. ऑफिसात G.729, पुढे मोबाइलच्या जाळ्यात एएमआर, असा आवाज दोनदा दाबला गेला की प्रत्येक दाबण्यात काहीतरी जातं आणि परत येत नाही. उपाय सोपा आहे: ट्रंक, म्हणजे बाहेरच्या कॉलची लाइन, देणाऱ्या कंपनीशी बोलून G.711 ला पहिला क्रम द्या. फोनच्या पानावर तो PCMA किंवा PCMU नावाने दिसतो, भारतात PCMA. ऑफिसातल्या ऑफिसात बोलायला G.722 त्याहून चांगला. G.711 वर ३४०० हर्ट्झच्या वरचं फारसं जात नाही आणि "स" चा जोर नेमका त्याच्या वर असतो. म्हणून फोनवर "स" आणि "फ" यांची गल्लत होते, पेशंटचं नाव चुकीचं लिहिलं जातं. G.722 सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत नेतो आणि जागा तेवढीच घेतो, ६४ केबीपीएस. दोन्ही टोकांना तो असला पाहिजे एवढीच अट.

सेंटरचा इलाज दोन पायऱ्यांनी केला. पहिल्या दिवशी, हातात दुसरं काही नसताना, क्लाउडच्या प्रोग्रॅममध्ये अपलोडवर २.५ एमबीपीएसची मर्यादा घातली. लगेच पिंग १५ च्या आत आला आणि आवाज सुधारला. पण हिशेब करा: ३०० एमबीचा सीटी ४ एमबीपीएसवर १० मिनिटांत जातो, अडीचवर १६ मिनिटं लागतात. डोक्याला मार लागलेला पेशंट टेबलावर असताना रेडिओलॉजिस्टला सहा मिनिटं जास्त थांबायला लावणं मला पटलं नाही, डॉक्टरांनाही नाही. शिवाय फोन बंद असतानाही ती मर्यादा लागूच राहते.

म्हणून राउटर बदलला, ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणारा घेतला आणि त्यावर रांग सांभाळणारं एसक्यूएम चालू केलं. त्याची मुख्य गोष्ट अशी, की रांग सेवा देणाऱ्याच्या डब्यात किंवा मोडेममध्ये न साचू देता आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये आणायची. त्यासाठी मोजलेल्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा द्यावा लागतो. मी अपलोडला ८५ टक्के आणि डाउनलोडला ९० टक्क्यांनी सुरुवात करतो.

```
config queue
	option enabled '1'
	option interface 'eth1'
	option download '36000'
	option upload '3400'
	option qdisc 'cake'
	option script 'piece_of_cake.qos'
```

आकडे केबीपीएसमध्ये आहेत. interface समोर तुमच्या राउटरवर इंटरनेट ज्या पोर्टला येतं त्याचं नाव येईल. पीपीपीओई असेल तर बहुधा `pppoe-wan`. `cake` (किंवा त्याच्या आधीचा `fq_codel`) प्रत्येक कनेक्शनला वेगळी रांग देतो आणि पाळीपाळीने सोडतो. सीटीची रांग सीटीला भोवते, आवाजाच्या रांगेत फारसं कोणी नसतं म्हणून ते पॅकेट आलं की निघतं. हे पॅकेट आवाजाचं आहे असं राउटरला सांगावंही लागत नाही. व्हॉट्सॲप कॉल किंवा मोबाइलचं वायफाय कॉलिंग एन्क्रिप्टेड असतं, राउटरला आत काय आहे दिसत नाही, तरी त्यांनाही फायदा मिळतो, तो यामुळेच. सीटी आता सुमारे १२ मिनिटांत जातो आणि तो जात असताना पिंग वीसच्या वर जात नाही. कोडेक परत G.711 केला.

राउटर बदलणं शक्य नसेल तर आहे त्याच राउटरच्या QoS किंवा Bandwidth Control या पानावर जड अपलोड करणाऱ्या कॉम्प्युटरला मर्यादा घाला. एसक्यूएमच्याही मर्यादा आहेत. स्वस्त राउटरचा प्रोसेसर मोठ्या वेगाला दमतो. आणि ज्यांचं इंटरनेट ४जी किंवा ५जीच्या डब्यावर आहे, त्यांचा वेग तासागणिक बदलतो. एकच आकडा दिला तर संध्याकाळी तो जास्त ठरतो आणि रांग पुन्हा बाहेर साचते. अशांनी सर्वात वाईट वेळचा वेग मोजून तो धरावा.

समजा चाचणी वायफायवरून केली आणि पहिल्या खिडकीतलं, म्हणजे राउटरचंच पिंग उड्या मारतंय. मग वरचं काहीही करू नका, दोष वायफायचा आहे. फोन किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर आणा, जमलं तर केबल लावा. २.४ गिगाहर्ट्झवर ब्लूटूथ हेडसेटसुद्धा त्याच पट्ट्यात बोलतो, त्यामुळे एकदा हेडसेट काढून बघाच.

घुमण्याचं गणित वेगळं आहे आणि इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. तुम्हाला तुमचाच आवाज परत ऐकू येत असेल तर दोष जवळजवळ नेहमी समोरच्याच्या टोकाला असतो. तुमचा आवाज त्याच्या स्पीकरमधून निघतो, त्याच्या माइकमध्ये शिरतो आणि तुमच्याकडे परततो. म्हणजे तुम्ही तुमचा फोन कितीही बदला, फरक पडणार नाही. त्याला स्पीकर बंद करायला किंवा आवाज कमी करायला सांगा. फोनमधला एको कॅन्सलर हा परतणारा आवाज ओळखून वजा करतो, पण स्पीकर पूर्ण मोठा केला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज त्याला ओळखता येत नाही. सेंटरमध्ये पेशंटना स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू यायचा तो रिसेप्शनवर फोन कायम स्पीकरवर असल्यामुळे. तोही अकरानंतरच खटकायचा, कारण लगेच परतलेला आवाज आपल्याला जाणवत नाही, अर्ध्या सेकंदाने परतलेला बोलणंच थांबवतो. रांग गेली तेव्हा घुमणं बरंचसं गेलं. स्पीकरचा आवाज दोन घरं कमी केल्यावर उरलेलंही गेलं.

स्पीकरवरच आणखी एक होतं. दोघं एकदम बोलले की एकाचं बोलणं कापलं जातं, पण एकेक जण बोलताना सगळं ठीक. हे नेटवर्क नाही. स्पीकरफोन एका वेळी एकच दिशा उघडी ठेवतोय. रिसीव्हर उचला.

आणि आयपी फोनवर कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल, किंवा एका बाजूला सुरुवातीपासून आवाजच नसेल, तर भार शोधत बसू नका. आयपी फोनचे कॉल जोडणाऱ्या सिप या पद्धतीतला पोचपावतीचा निरोप राउटरपाशी हरवतो आणि समोरचं यंत्र ३२ सेकंद वाट पाहून कॉल बंद करतं. राउटरमधलं SIP ALG बंद करून पाहा, बहुतेकदा तेवढ्यानेच सुटतं.

मोबाइल डेटावरच्या कॉललाही भाराचा नियम लागू आहे, फक्त रांग टॉवरवर असते. गणपतीत पुण्याच्या लक्ष्मी रोडवर पाच कांड्या दिसतात आणि व्हॉट्सॲप कॉल मात्र तुटतो. कांड्या टॉवरचा सिग्नल किती जोरात पोहोचतो एवढंच सांगतात. टॉवरवर किती जण आहेत ते सांगत नाहीत. अशा गर्दीत साधा फोन लावा. व्होल्टीई कॉलसाठी नेटवर्क वेगळा, ठराविक वेगाची हमी असलेला मार्ग राखून ठेवतं, तर व्हॉट्सॲपचा आवाज इतरांच्या व्हिडिओंबरोबर सामान्य डेटात जातो. व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर Storage and data मधलं Use less data for calls चालू करून थोडी मदत होते. पण घरच्या वायफायवर, सेंटरसारख्या परिस्थितीत, ते G.729 इतकंच निरुपयोगी आहे.

शेवटी तक्रार सेवा देणाऱ्याकडे न्यायची वेळ कधी येते: घरातलं, ऑफिसातलं सगळं अपलोड बंद, कॉम्प्युटर केबलवर, राउटरचं पिंग स्थिर, आणि तरीही बाहेरचं पिंग उड्या मारतंय किंवा पॅकेट हरवतायत. तेव्हा "आवाज नीट येत नाही" असं सांगू नका, त्यावर तिकडून मोडेम बंद-चालू करायला सांगतील. दोन्ही खिडक्यांचा एकाच वेळचा फोटो, घड्याळाची वेळ दिसेल असा, तक्रारीला जोडा. चांगल्या वेळचाही एक जोडा. मग लाइन तपासायला माणूस पाठवणं त्यांना टाळता येत नाही.